मुलांची रक्तशर्करा : आकडा कसा वाचावा?

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



मी वैद्य नव्हे; मी कापडाचा व्यापारी, वाणिज्य शाखेचा पदवीधर. उपचाराविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु आकड्यांशी माझा आयुष्यभराचा संबंध आहे, आणि आपल्या वसतिगृहातील व पाठशाळेतील स्थूल मुलांची तपासणी करावी असा विचार पुढे आला असल्यामुळे, त्या तपासणीच्या कागदावरील आकडे कसे वाचावेत, एवढाच विषय मी आज घेतला आहे.

प्रयोगशाळेच्या कागदावर साखरेच्या आकड्यासमोर ‘७० ते १००’ असे छापलेले असते. ही ‘संदर्भ मर्यादा’ होय. निरोगी माणसांपैकी सुमारे ९५ टक्के लोक ज्या पट्ट्यात बसतात, तो हा पट्टा. आणि बहुधा तो प्रौढांचा असतो. नवजात बालकाची साखर जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत यापेक्षा बरीच खाली उतरते आणि दोन-तीन दिवसांत सावरते. लहान मुलांचा मेंदू शरीराच्या मानाने मोठा आणि यकृतातील साठा छोटा, म्हणून उपाशीपोटी त्यांची साखर प्रौढांपेक्षा लवकर खाली येते. पाच वर्षांच्या मुलाचा ६५ हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नसते. मूल मोठे होत जाते तसतसा हा फरक पुसट होतो.

खालच्या टोकाला असा फरक आहे. वरच्या टोकाला मात्र नाही. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम वा अधिक, ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी २०० वा अधिक, किंवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ६.५ टक्के वा अधिक, ही मधुमेहाची निदान-रेषा बारा वर्षांच्या मुलालाही तीच आणि साठीच्या गृहस्थालाही तीच. ही रेषा कोठून आली? साखर किती वाढली म्हणजे डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊ लागते, हे प्रौढांमध्ये पाहून ती आखली गेली. मुलांसाठी ती उसनी घेतलेली आहे. तेव्हा छापलेला पट्टा आणि निदानाची रेषा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

या दोहोंमध्ये पूर्वमधुमेहाची पायरी येते, आणि तेथे जाणकारांतच मतभेद आहे. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २००३ साली ही पायरी ११० वरून १०० वर आणली; जागतिक आरोग्य संघटनेने ११० कायम ठेवली. त्यामुळे १०६ हा आकडा एका नियमाने पूर्वमधुमेह ठरतो आणि दुसऱ्या नियमाने ठरत नाही.

आता तपासणी कोणाची करावी? सरसकट सर्वांची नव्हे. प्रथम वजन पाहावयाचे. परंतु येथे प्रौढांचा निकष चालत नाही. मुलाचा बीएमआय त्याच्या वयाच्या व लिंगाच्या आलेखावरच वाचावा लागतो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ साली आपल्या मुलांसाठी असे आलेख प्रसिद्ध केले. त्यात प्रौढांच्या २३ आणि २७ या बीएमआयशी जुळणाऱ्या दोन रेषा आहेत. पहिलीच्या वर अधिक वजन, दुसरीच्या वर स्थूलता.

वजन अधिक आहे आणि त्याबरोबर आणखी एखादे लक्षण आहे, अशा मुलाची तपासणी दहाव्या वर्षानंतर, किंवा वयात येणे त्याआधी सुरू झाले तर तेव्हापासून करावी. ती लक्षणे कोणती? आईवडील, भावंडे, आजी-आजोबा, काका-मामा यांपैकी कोणास मधुमेह असणे. हे मूल पोटात असताना आईला मधुमेह असणे. जन्माच्या वेळी वजन फार कमी असणे. रक्तदाब किंवा चरबी वाढलेली असणे. आणि मानेवर किंवा काखेत काळसर, मखमलीसारखा पट्टा दिसणे. हा पट्टा मळ समजून आया घासत राहतात. तो मळ नव्हे. रक्तात इन्सुलिन वाढल्याची ती खूण असते. आकडे नीट आले तरी तीन वर्षांनी पुन्हा तपासावे. वजन झपाट्याने वाढत असेल तर त्याआधी.

उदाहरणादाखल एक मुलगा कल्पू. वय १२, उंची १५० सेंटिमीटर, वजन ५६ किलो. बीएमआय २४.९. प्रौढांच्या जागतिक कोष्टकात हा आकडा २५ च्या आत बसतो. बारा वर्षांच्या आलेखावर तो वरच्या रेषेच्याही पलीकडे जातो. वडिलांना मधुमेह, मानेवर पट्टा. उपाशीपोटी साखर १०६, एचबीए१सी ५.९. ग्लुकोजची मात्रा किलोमागे १.७५ ग्रॅम धरली तर ९८ ग्रॅम होते. पण कमाल मर्यादा ७५ ग्रॅमची, म्हणून ७५ च द्यावयाची. ३० किलोच्या मुलाला मात्र साडेबावन्नच. दोन तासांनी आकडा आला १४८. १४० ते १९९ हा पूर्वमधुमेहाचा पट्टा.

मग या मुलास मधुमेह आहे काय? नाही. त्याचे हिमोग्लोबिन ९.८ निघाले, लोह कमी. लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी खोटी चढते, म्हणून ५.९ वर विसंबता येत नाही. पण १४८ कडे दुर्लक्षही करता येत नाही. शिवाय वयात येताना प्रत्येक मुलाच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव काही काळ घटतो आणि पुढे पूर्ववत होतो. अशी पुष्कळ मुले वजन आटोक्यात आल्यावर पुन्हा नेहमीच्या पट्ट्यात परततात. म्हणून बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने आहार, खेळ, लोहाची भरपाई आणि ठरलेल्या मुदतीने फेरतपासणी, हा मार्ग. आकडा मधुमेहाच्या रेषेपलीकडे गेला असता, तरीही लक्षणे नसताना दुसऱ्या दिवशीची तपासणी झाल्याखेरीज निदान पक्के करीत नाहीत. उलटपक्षी, मुलाला सतत तहान, वारंवार लघवी आणि वजनात घट असेल, तर शिबिराची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

शेवटी आपल्या आचाराशी निगडित दोन गोष्टी. उपाशीपोटीची साखर आठ ते चौदा तासांच्या उपवासानंतर घेतात. चौविहार करणाऱ्या मुलाने सायंकाळी सहाला जेवण उरकले, तर सकाळी आठला चौदा तास पूर्ण होतात. शिबिर दहाला सुरू केले तर मर्यादा ओलांडली जाते. नवकारशी आल्यानंतर लगेच, आठच्या आत रक्त घ्यावे, म्हणजे पच्चक्खाणही पाळले जाते आणि आकडाही बरोबर येतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पर्युषणात उपवास वा अठाई केलेल्या मुलाची ग्लुकोज पाजून तपासणी लगेच करू नये. अनेक दिवस अन्न नसले की शरीर चरबीवर चालते आणि एकदम आलेली साखर त्याला लवकर जिरवता येत नाही. निरोगी मुलाचाही दोन तासांचा आकडा खोटा चढतो. पारण्यानंतर नेहमीचा, भात-पोळीचा आहार किमान तीन दिवस, शक्य तर आठवडाभर चालू राहिल्यावरच तपासणी करावी. तपश्चर्येचे पुण्य मिळालेल्या मुलाच्या माथी खोट्या आजाराचा शिक्का बसू नये.

शिबिराची तारीख ठरवताना विश्वस्त मंडळाने एवढे अवश्य पाहावे, ही नम्र विनंती. जय जिनेंद्र!