हाडांच्या रिपोर्टमधला ‘उणे’

हाडांची घनता मोजायचा डेक्सा स्कॅन करून आलं की हातात एक कागद पडतो. त्यावर टी-स्कोअर आणि झेड-स्कोअर असे दोन आकडे असतात, आणि पुष्कळदा दोन्हींच्या आधी उणेची खूण. आज असा एक रिपोर्ट समोर धरून वाचू या.

समजा, एका मावशींचं वय ६४. पाळी जाऊन पंधरा वर्षं झाली. कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर आहे उणे १.६. खुब्यातल्या हाडाच्या मानेचा टी-स्कोअर उणे २.७, आणि त्याच जागेचा झेड-स्कोअर उणे १.२. यातला कुठला आकडा धरायचा?

टी-स्कोअर मावशींच्या हाडाची तुलना ऐन तरुण, निरोगी बाईच्या हाडाशी करतो. झेड-स्कोअर त्यांच्याच वयाच्या बायकांशी करतो. आता साठीनंतर बहुतेकींचीच हाडं विरळ झालेली असतात. म्हणून झेड बरा दिसला, तर त्याचा अर्थ इतकाच की मावशींचं हाड बरोबरीच्या बायकांसारखंच आहे. ते मजबूत आहे असं नाही. पाळी गेलेल्या बाईने टी-स्कोअर पाहायचा.

टी-स्कोअर उणे १ किंवा त्याहून वर असेल तर घनता ठीक. उणे १ आणि उणे २.५ यांच्या मध्ये असेल तर घनता कमी झाली आहे. कागदावर ‘ऑस्टिओपेनिया’ लिहितात. उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला, की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. उणेचा आकडा गटाच्या वहीतल्या थकबाकीसारखा वाचा: जितका मोठा, तितकं हाड कमी.

आता मावशींना मणका आणि खुबा यांची सरासरी काढायची नाही. सगळ्यात खालचा आकडा धरायचा, उणे २.७. म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. मणक्याचा आकडा बरा दिसतो त्याला एक कारण असू शकतं. उतारवयात मणक्यांच्या कडेला हाडाचे काटे वाढतात, मशीन तेही मोजतं, आणि घनता आहे त्यापेक्षा जास्त दिसते.

पाळी चालू असलेल्या तरुण बाईचं वेगळं. तिथे झेड-स्कोअर बघतात. तो उणे २ किंवा त्याहून खाली असेल तर वयाच्या मानाने हाड कमी, आणि मग डॉक्टर त्याचं कारण शोधतात: थायरॉइड, बरेच महिने चाललेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या, असं काही.

शिबिरात टाचेला यंत्र लावून जो आकडा देतात, त्याला हे गट लावू नका. तो कमी आला तर डेक्सा करायचा, एवढाच त्याचा उपयोग.

आणि उभ्याउभ्या पडून खुबा किंवा मणका मोडला असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. अशा बाईचा टी-स्कोअर उणे २ असला तरी डॉक्टर तिची हाडं ठिसूळच धरतात आणि औषधाचं ठरवतात.