एका पानाची दुरुस्ती

(गणेशोत्सवाच्या तयारीसाठी झालेल्या स्मरणिका समितीच्या बैठकीतील भाषण)



दर वर्षी या बैठकीत जाहिराती किती मिळाल्या आणि लेख किती आले यावर बोलणे होते. आज आम्ही एकाच पानावर बोलणार आहोत, आणि ते पान आमच्याच हातून बिघडलेले आहे. दोन वर्षांपूर्वीच्या स्मरणिकेत आपल्या मंडळातल्या एका काकूंचा लेख होता. लग्न होऊन इंदूरला आल्या तेव्हाच्या वाड्यातल्या पहिल्या गणपतीची आठवण त्यांनी लिहिली होती. ऐंशी उलटल्यावर प्रथमच छापलेले स्वतःचे नाव! अंक हातात पडल्यावर त्यांनी तो चष्म्याजवळ नेला, लांब धरला, आणि नातीकडे देऊन म्हणाल्या, "तूच वाच गं, मला दिसत नाही."

आम्ही ते पान सजवायला घेतले होते. पहिले अक्षर मोठे, म्हणजे ड्रॉप कॅप. मध्ये लेखातलेच एक वाक्य उचलून ठळक चौकटीत, ज्याला पुल कोट म्हणतात. आणि एक जुना फोटो व त्याखाली नावे. ही तिन्ही पानावर आली, पण त्यांना लागणारी जागा कुठून येणार याचा हिशेब कुणी केला नाही. मग ती आली मजकुरातून. आपला नेहमीचा मजकूर १२ पॉइंटात असतो आणि एका ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंत १८ पॉइंट अंतर असते. देवनागरीत वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, म्हणून एवढे अंतर लागतेच. त्या पानावर अक्षर १० पॉइंट झाले आणि अंतर १३. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना टेकले.

तेव्हा आधी हिशेब. आपले पान ए-४ आकाराचे, दोन रकान्यांचे, प्रत्येक रकाना सुमारे साडेआठ सेंटिमीटर रुंद. एका रकान्यात ४० ओळी बसतात आणि एका ओळीत सरासरी आठ शब्द. मथळा आणि लेखिकेचे नाव यांना वरच्या आठ ओळी दिल्या की दोन्ही रकाने मिळून ६४ ओळी उरतात. काकूंचा लेख ५२० शब्दांचा, म्हणजे ६५ ओळी. परिच्छेदांच्या शेवटच्या अर्ध्या ओळी धरल्या तर ७२. म्हणजे काहीही न सजवतासुद्धा लेख त्या पानावर मावत नव्हता. हे पाच मिनिटांचे गणित आधी केले असते तर पुढचे काही घडले नसते.

आता पहिले अक्षर. लेखाची सुरुवात "स्वयंपाकघराच्या खिडकीतून" अशी होती. डीटीपी करताना ड्रॉप कॅपसाठी 'एक अक्षर' अशी सूचना दिली गेली. आपला फॉन्ट जुन्या पद्धतीचा, त्यात अर्धा स हे एक वेगळे अक्षर धरलेले असते. त्यामुळे तीन ओळी उंच असा एकटा अर्धा स उभा राहिला आणि शेजारी बारीक अक्षरात 'वयंपाकघराच्या'. अशा फॉन्टमध्ये 'किती' शब्दाने सुरुवात असती तर नुसती वेलांटीच मोठी झाली असती, कारण तिथे वेलांटी आधी टाइप होते. युनिकोडमध्ये गंमत वेगळी: तिथे पूर्ण स मोठा होऊन उरलेला व तुटतो, आणि कधी कधी त्याच्या जागी ठिपक्यांचे वर्तुळ दिसते. रोमन लिपीत एक अक्षर उचलले की काम होते. मराठीत उच्चाराचा पूर्ण तुकडा उचलावा लागतो: 'स्व', 'श्री', 'कि', 'प्रा'. सॉफ्टवेअरला अक्षरसंख्या हाताने वाढवून द्यावी लागते आणि मग डोळ्यांनी पाहावे लागते.

दुसरी गोष्ट उंचीची. मराठी अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात. म्हणून मोठ्या अक्षराची शिरोरेषा पहिल्या ओळीच्या शिरोरेषेशी एका रेषेत हवी, आणि त्याचा पाय शेवटच्या ओळीच्या पायाशी. तीन ओळींचे अक्षर हवे असेल तर मजकुराच्या साधारण सहापट, म्हणजे ७२ पॉइंटाच्या आसपास जावे लागते. फॉन्टप्रमाणे थोडे कमी-जास्त. आपोआप बसवलेले अक्षर अनेकदा दोनतीन पॉइंट वर किंवा खाली राहते. पट्टी आडवी धरली की लगेच कळते.

तीन ओळींचा 'स्व' तेवीसेक मिलिमीटर रुंद होतो, म्हणजे रकान्याचा पावभाग गेला. अशा रुंद जोडाक्षराला दोनच ओळींचे अक्षर पुरते. साडेतीनपट, ४२ पॉइंट. शेजारी दीड-दोन मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी, त्याहून जास्त नको, नाहीतर 'स्व' आणि 'यंपाकघराच्या' हे दोन वेगळे शब्द वाटतात. शिरोरेषा तिथे तुटतेच, त्याला इलाज नाही. पहिले अक्षर 'कु' किंवा 'हृ' असेल तर त्याचा उकार खालच्या ओळीत घुसतो. मग ती ओळही आत सरकवायची, किंवा ड्रॉप कॅपचा नाद सोडायचा. पहिल्या अक्षरासाठी लेखिकेचे वाक्य बदलू नये. आमच्यापैकी एकाने 'मी स्वयंपाकघराच्या' असे करू म्हणून सुचवले होते. तेवढे तरी आम्ही केले नाही.

पुल कोटने मात्र खरे दुखावले. आम्ही उचललेले वाक्य होते, "माहेरची आठवण आली की देवघरात जाऊन रडायची." लेखात याच्या पुढच्याच वाक्यात सासूबाई येऊन जवळ बसतात. पुढचे वाक्य चौकटीत नव्हते. सणात अंक चाळणारे निम्मे लोक फक्त मथळा, चौकट आणि फोटो पाहतात. त्यांना एवढेच कळले की काकूंना सासरी रडवले. त्यांच्या दिरांच्या घरून फोन आला. काकूंचा शब्दही आम्ही बदलला नव्हता, तरी त्यांच्या तोंडी भलतेच घातले होते. उचललेले वाक्य एकटे वाचून पाहावे आणि लिहिणाऱ्याला दाखवावे, हे आम्ही तेव्हापासून करतो.

ती चौकट ठेवली कुठे, तेही चुकले. दोन रकान्यांच्या मधोमध सात सेंटिमीटरची चौकट, आणि दोन्ही बाजूंनी मजकूर तिला वळसा घालून गेलेला. रकान्याची रुंदी तिथे पाच सेंटिमीटर उरली. इंग्रजीत शब्द छोट्या आडव्या रेघेने तोडून पुढच्या ओळीत नेतात. आपण सहसा तोडत नाही, आणि आपले शब्द प्रत्यय लागून लांब झालेले. दोन्ही कडा सरळ ठेवायच्या तर शब्दांमध्ये मोठाली भगदाडे पडतात. पान हातभर लांब धरून डोळे बारीक केले की ही पांढरी भगदाडे एकाखाली एक ओघळल्यासारखी दिसतात. शिवाय चौकटीतले वाक्य जिथे मजकुरात होते, त्याच्या अगदी शेजारी चौकट. तेच वाक्य दोनदा वाचायचे कशाला?

आता फोटो. वाड्याच्या ओसरीवर सात माणसे उभी. नावे दोन ओळींत मावेनात, तिसरी ओळ चौकटीबाहेर गेली आणि दिसेनाशी झाली. सॉफ्टवेअर अशा वेळी चौकटीच्या कोपऱ्यात लाल रंगाचे अधिकचे चिन्ह दाखवते; घाईत ते कुणी पाहिले नाही. सात चेहरे, सहा नावे. गेलेले सातवे नाव काकूंच्या यजमानांचे होते. ते जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. काकू काही बोलल्या नाहीत. नातीने विचारले, "आजोबांचं नाव नाही का टाकलं?"

पुढच्या वर्षी आम्ही चूकभूल छापली, पण अर्ध्या ओळीची चूकभूल कोण वाचतो? म्हणून यंदा तो लेख पुन्हा छापायचा ठरवला, आणि पान असे मांडले आहे.

लेख समोरासमोरच्या दोन पानांवर. दुसऱ्या पानाच्या खालच्या अर्ध्या भागात जाहिरात आहे, तेव्हा खर्चाचा प्रश्न आला नाही. पहिल्या पानावर ६४ ओळी, दुसऱ्यावर जाहिरातीच्या वर दोन रकान्यांत मिळून ४०, एकूण १०४. फोटो दुसऱ्या पानाच्या माथ्यावर, दोन्ही रकाने व्यापून. वरचे छप्पर आणि खालची फरशी कापल्यावर तो ६६ मिलिमीटर उंच झाला. चेहरे आता ओळखू येतात. फोटो आणि नावे मिळून प्रत्येक रकान्यातल्या १३ ओळी गेल्या, म्हणजे २६. पुल कोटला एका रकान्यात पाच. उरल्या ७३, आणि लेखाला हव्यात ७२. एक ओळ शिल्लक राहिली, ती शेवटी मोकळी सोडली.

फोटोखालची अक्षरे १० पॉइंटात. फोटो आणि नावे यांच्यात पाच पॉइंट जागा, नावांखाली मजकुरापर्यंत सोळा. खालची जागा वरच्यापेक्षा तिप्पट असल्याने ती ओळ फोटोची आहे हे सांगावे लागत नाही. दोन्हीकडे सारखे अंतर ठेवले तर ती लेखाचीच ओळ वाटते. "ओसरीवर गणपतीसमोर उभे असलेले" असे आम्ही लिहिले नाही, ते दिसतेच आहे. वाडा कुठला, प्रसंग कोणता आणि डावीकडून सात नावे. दोघांनी बसून एकाने चेहरे मोजले, दुसऱ्याने नावे.

नवे वाक्य काकूंनीच निवडले: "आवाज कमी पडतो म्हणून शेजारच्या मालवी बायकांनी आरती पाठ केली." दहा शब्द, १८ पॉइंटात बरोबर दोन ओळी. ते पहिल्या पानाच्या दुसऱ्या रकान्यात मध्याच्या जरा खाली, एक परिच्छेद संपल्यावर, रकान्याच्या पूर्ण रुंदीत आहे. मजकूर त्याला वळसा घालत नाही. रकान्याच्या अगदी माथ्यावर ठेवले असते तर नवा मथळा वाटला असता. मूळ वाक्य दुसऱ्या पानावर येते, त्यामुळे वाचणारा त्याच्या शोधात पान ओलांडतो.

तिन्ही गोष्टी एकमेकींपासून दूर ठेवल्या आहेत. ड्रॉप कॅप पहिल्या रकान्याच्या माथ्यावर, वाक्य दुसऱ्या रकान्यात, फोटो समोरच्या पानावर.

पडद्यावर हे सारे नेहमीच छान दिसते, कारण तिथे पान मोठे करून पाहता येते. म्हणून पूर्ण मापाचे प्रूफ कागदावर काढून गेल्या रविवारी आम्ही काकूंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, लेख स्वतः वाचला, एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. मग फोटोखाली बोट ठेवून एकेक नाव वाचत गेल्या. सातव्या नावावर बोट थांबले. "हं," म्हणाल्या, "आता चहा घेऊनच जा."

समितीकडे यंदा आणखी अकरा जुने फोटो आले आहेत आणि त्यांतल्या चारांमागे काहीच लिहिलेले नाही. ज्यांनी दिले त्यांनी या आठवड्यात येऊन डावीकडून नावे वेगळ्या कागदावर लिहून द्यावीत. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, दाब पुढे उमटतो.