‘सो व्हॉट?’चं मराठी काय करायचं?



गेल्या वर्षी बीड जिल्ह्यातली एक मुलगी दिल्लीतल्या होस्टेलवरून मला रात्री फोन करून म्हणाली, “दादा, मी गावाकडं परत येते. मॅडमनी चॅप्टर नापास केलाय.” ऊसतोड कामगारांच्या उचलीवर तिची पीएचडी आहे. मी म्हटलं, आधी फाइल पाठव. एक्केचाळीस पानं होती आणि समासात तेवीस कॉमेंट्स. नापास असं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

ज्याच्या घरात आधी कुणी कॉलेजात शिकलंय, त्याला हे कागद वाचून दाखवणारं माणूस घरातच असतं. तिच्या घरी ते नव्हतं, माझ्याही नव्हतं. म्हणून आम्ही दोघं फोनवर बसलो आणि एकेक कॉमेंट मराठीत आणली. शब्दाला शब्द ठेवून हे काम होत नाही, हे पहिल्याच कॉमेंटला कळलं.

मॅडमनी लिहिलं होतं, ‘डिस्क्रिप्टिव्ह, नॉट अ‍ॅनालिटिकल.’ डिक्शनरी म्हणते ‘वर्णनात्मक, विश्लेषणात्मक नाही.’ त्यातून काय करायचं ते कळत नाही. तिनं अर्थ लावला होता, ‘तू नुसत्या गोष्टी सांगितल्यास.’ मी मराठी केलं ते असं: ‘काय घडतं ते तू सांगितलंस. आता ते कुणाच्या बाबतीत घडतं, कुणाच्या बाबतीत घडत नाही, आणि का, ते सांग.’ एवढं म्हटल्यावर ती स्वतःच बोलायला लागली. तिच्या मुलाखतींत एकाच टोळीतले दोन कोयते होते, म्हणजे दोन नवरा-बायकोच्या जोड्या. दोघांची उचल जवळपास सारखी. एकाची हंगामात फिटली, दुसऱ्याची पुढच्या वर्षावर गेली. का? दुसऱ्या जोडीतली बाई आजारी पडली होती आणि त्या दिवसांचे खाडे मुकादमानं वहीत लावले होते. वही त्याच्याकडं, हिशोबही त्याचाच. म्हणजे कर्ज राहतं ते फक्त उचल मोठी म्हणून नाही, खाडे कोण मोजतं यावरही ते ठरतं. हे सगळं तिच्या वहीत होतं, फक्त दोन मुलाखती नऊ पानांच्या अंतरावर होत्या. त्या शेजारी आणून ठेवायच्या, हे पहिलं काम ठरलं.

‘सो व्हॉट?’ या दोन शब्दांनी तिला सगळ्यात जास्त लागलं होतं. आपल्याकडं ‘मग काय झालं?’ असं कुणी म्हटलं की तो अपमानच असतो. इथं तो साधा प्रश्न आहे: ‘हे वाचून वाचणाऱ्याला आधी माहीत नसलेलं काय कळलं?’ त्याचं काम एकच. प्रत्येक भागाच्या शेवटी ‘यावरून कळतं की’ असं लिहून वाक्य पूर्ण करायचं. पूर्ण होत नसेल, तर तो भाग अजून कच्चा आहे.

तिसरी कॉमेंट, ‘एंगेज विथ द लिटरेचर.’ तिनं लिटरेचरचं साहित्य केलं आणि ऊसतोडीवरच्या कादंबऱ्या शोधायला लागली! (हसू नका, मीही एकदा हेच केलंय.) इथं लिटरेचर म्हणजे त्याच विषयावरचं आधीचं संशोधन, आणि एंगेज म्हणजे नुसतं नाव देणं नव्हे. यान ब्रेमन यांनी १९७८ साली बार्डोलीच्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडणाऱ्या मजुरांवर लिहिलं. त्यांचं कुठलं म्हणणं तुझ्या टोळीला लागू पडतं आणि कुठं तुला वेगळं दिसलं, ते दोन परिच्छेदांत लिही, असं ते काम झालं.

एक सावधगिरी सांगतो. इंग्रजीत ‘यू माइट वॉन्ट टू कन्सिडर’ असं गोड लिहिलेलं असतं. त्याचं ‘वाटल्यास विचार करा’ केलं की मुलं ते सोडून देतात. बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘हे करच’ असा असतो. उलट मुलीला बरं वाटावं म्हणून कडक कॉमेंट मऊ करायची नाही. ‘पुरावा नाही’ म्हटलं असेल तर मराठीतही ‘पुरावा नाही’च.

आणि काही कॉमेंट्सचं मराठी होतच नाही. ‘लँग्वेज वीक’ यातून मला एकही काम काढता आलं नाही. कुठलं पान, कुठलं वाक्य? ते मॅडमनाच विचारायचं होतं. तेवीस कॉमेंट्समधून सात कामं निघाली, बाकीच्या स्पेलिंगच्या, तळटीपांच्या किंवा त्याच त्या पुन्हा लिहिलेल्या. ती सात कामं तिनं साध्या इंग्रजीत लिहून मॅडमना मेल केली: ‘मला तुमच्या कॉमेंट्स अशा समजल्या. बरोबर आहे का? आणि भाषा कमजोर आहे अशी दोन पानं दाखवाल का?’

उत्तर दोन दिवसांनी आलं. पाच कामं बरोबर होती. दोन मी चुकीची लावली होती, त्यातलं एक तर मॅडमना चॅप्टरमधून काढून टाकायचं होतं आणि मी ते वाढवायला सांगितलं होतं. भाषेसाठी त्यांनी पान बारा आणि तेहतीस दाखवलं. तिनं त्याच संध्याकाळी पान बारा उघडलं.