करार संपलेल्या सहकाऱ्याचा निरोप
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत झालेले भाषण)



प्राथमिक शाळेला निरोपसमारंभ नवा नाही. वयोमानाप्रमाणे निवृत्त होणाऱ्या गुरुजींना शाल-श्रीफळ द्यावे, बदलीच्या शिक्षकाला नव्या शाळेसाठी शुभेच्छा द्याव्यात, याची भाषा सर्वांच्या तोंडी बसलेली आहे. निवृत्तीत जाण्याचे कारण वय असते व बदलीत पुढच्या गावाचे नाव ठाऊक असते. करारावर आलेल्या शिक्षकाचा करार पुढे चालू राहत नाही, तेव्हा या दोन्हींपैकी काहीच बोलण्यासारखे नसते. ही मोकळी राहिलेली जागा मग बोलणारे नकळत दोन गोष्टींनी भरून काढतात. त्यांपैकी एक दोषारोप व दुसरी कीव.

रिक्त पदांवर तात्पुरती नेमणूक करण्याची पद्धत आता शाळांच्या परिचयाची आहे. २०२३ साली निवृत्त शिक्षकांना व २०२४ साली डी.एड., बी.एड. झालेल्या उमेदवारांना करारावर घेण्याचे निर्णय राज्यात झाले. अशा नेमणुकीला आरंभापासूनच मुदत असते. ही गोष्ट सर्वांना माहीत असूनही प्रत्यक्ष दिवस येतो तेव्हा शाळा गोंधळते. म्हणून एका चार शिक्षकी शाळेत हा प्रसंग कसा पार पडला, ते सविस्तर पाहणे उपयोगाचे होईल.

त्या शाळेत एक बाई दोन सत्रे पहिली-दुसरीचा जोडवर्ग सांभाळीत होत्या. एप्रिलमध्ये मुख्याध्यापकांना कळले, की पुढील वर्षी त्या जागी नियमित शिक्षक येणार असून बाईंचा करार वाढणार नाही. त्यांनी ही गोष्ट प्रथम बाईंनाच, कार्यालयात, एकट्याने सांगितली. पुष्कळ ठिकाणी येथेच चूक होते. स्वयंपाकी ताईंपासून सरपंचांपर्यंत सर्वांना कळते आणि जिचे जायचे ठरले, तिला ते सर्वांच्या चेहऱ्यांवरून वाचावे लागते. मुख्याध्यापकांनी त्याच वेळी विचारले, “बाई, कार्यक्रम ठेवायचा का? आणि मुलांना कोणी सांगावे?” बाईंनी उत्तर दिले, की मुलांना त्या स्वतः सांगतील, कार्यक्रम शाळेपुरताच असावा, पैशांचे पाकीट नसावे.

भाषणाआधी कागद पुरे झाले. शेवटच्या महिन्याची हजेरी मानधनाच्या देयकासाठी पंचायत समितीकडे वेळेवर गेली. अनुभव प्रमाणपत्र लिहिले गेले. त्यात कोणत्या दिनांकापासून कोणत्या दिनांकापर्यंत, कोणते वर्ग व कोणते काम, एवढे होते. करार का संपला याविषयी एक अक्षरही नव्हते. पहिल्या मसुद्यात “काम समाधानकारक” असे होते. ते खोडून “जोडवर्गाचे अध्यापन व स्थलांतरित मुलांच्या नोंदी” असे घातले, कारण पुढच्या ठिकाणी अर्ज करताना बाईंच्या उपयोगी पडणार ते हेच शब्द. निरोपात फुले मिळालेल्या व्यक्तीला जर प्रमाणपत्रासाठी महिन्याने तीन खेपा घालाव्या लागल्या, तर फुलांचे कोणाला स्मरण राहणार?

भेटवस्तूविषयीही थोडी चर्चा झाली. एका गुरुजींचे म्हणणे पडले, की बाईंना नोकरी उरलेली नाही, तेव्हा या वेळी वर्गणी जास्त काढावी. हेतू चांगला होता. परंतु बदली होणाऱ्याला जेवढे देतात त्याहून जास्त दिले की त्यात दया दिसते आणि कमी दिले की करारावरच्या माणसाचा दर्जा कमी लेखल्यासारखे होते. शेवटी नेहमीइतकीच वर्गणी निघाली व नेहमीप्रमाणे पुस्तके घेतली गेली.

आता भाषणाकडे वळू. त्याच गुरुजींनी लिहून आणलेले पहिले वाक्य असे होते: “शासनाच्या धोरणामुळे आमच्या गुणी बाईंवर आज ही वेळ आली आहे.” या एका वाक्यात दोषही आहे आणि कीवही आहे. शिवाय जूनमध्ये येणारा नवा शिक्षक कोणाच्या तरी ताटातले घेऊन आला, असा गावाचा समज त्यातून होतो. दुसरे वाक्य “बाईंना कोठेही सहज नोकरी मिळेल” हे होते. ते कोणाच्याच हातात नसलेले आश्वासन आहे आणि ऐकणाऱ्याला ते पोकळ असल्याचे लगेच जाणवते. मुख्याध्यापकांनी दोन्ही वाक्ये काढण्यास सुचवले आणि विचारले, “गुरुजी, बाईंनी येथे काय केले, ते लिहिता का?” गुरुजी वर्गाच्या नोंदी घेऊन बसले. समारंभात त्यांनी जे वाचले ते असे:

“बाई, आपला करार या महिन्याअखेर संपत आहे व पुढील वर्षी आपण या शाळेत नसाल. आपण आलात त्या जूनमध्ये दुसरीच्या अकरा मुलांपैकी तिघांना जोडाक्षरे वाचता येत होती. मार्चमध्ये नऊ मुले धडा वाचू लागली. उरलेल्या दोघांच्या अडचणी आपण वेगवेगळ्या लिहून ठेवल्या आहेत. दिवाळीनंतर पाच मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली, तेव्हा प्रत्येकाचे शिक्षण हमी कार्ड आपण निघण्याच्या आदल्या दिवशी घरी नेऊन दिले. हंगाम संपल्यावर पाचही मुले परत वर्गात आली. खोक्यांच्या पुठ्ठ्याच्या अक्षरपट्ट्या कशा कराव्यात हे आम्ही आपल्याकडून शिकलो; त्या आता तिसरीतही चालतात. आपल्याबरोबर काम करणे आम्हांला आवडले.”

यात करार संपल्याची गोष्ट पहिल्याच वाक्यात, सरळ सांगून टाकलेली आहे. ती झाकून ठेवली असती, तर सारा वेळ श्रोत्यांचे लक्ष तिच्याकडेच राहिले असते. त्यानंतर सर्व वाक्ये कामाविषयी आहेत आणि प्रत्येक वाक्य नोंदवहीत पडताळून पाहता येते. जेथे काम बेताचेच झाले असेल तेथे भाषण लहान करावे. खोटी स्तुती सहकाऱ्यांना ओळखू येते व ती कीवेचेच दुसरे रूप ठरते.

निर्णय चुकीचा आहे असे सहकाऱ्यांना खरोखर वाटत असेल, तर त्यांनी गप्प बसावे असा याचा अर्थ नव्हे. त्यासाठी लेखी निवेदन आहे. ते वेगळ्या दिवशी, संबंधित व्यक्तीची संमती घेऊन द्यावे. समारंभात ते काढले, तर जाणाऱ्या माणसाला स्वतःच्याच निरोपात साक्षीदार म्हणून बसावे लागते.

मुलांना बाईंनी आधीच सांगितले होते. “बाई, तुम्ही का जाता?” या प्रश्नाला त्यांचे उत्तर होते, “माझे इथले ठरलेले दिवस पुरे झाले. जूनमध्ये नवे गुरुजी येतील, त्यांना तुमच्या अक्षरपट्ट्या दाखवा.” पहिलीतल्या एका मुलीने लगेच विचारले, की पट्ट्यांची पिशवी कोणाच्या ताब्यात राहणार. मुलांच्या चिंता अशाच असतात.

समारंभात बाईंनी उत्तरादाखल फार बोलणे केले नाही. जडवस्तू नोंदवही, पुस्तके व कपाटाच्या किल्ल्या त्यांनी सकाळीच यादीप्रमाणे सोपवल्या होत्या. त्यांनी सर्वांचे आभार मानले आणि यादीत लिहायची राहिलेली एक गोष्ट सांगितली. दुसरीतील एका मुलाला फळ्यावरचे नीट दिसत नाही. तो पाहून लिहीत नाही, शेजाऱ्याचे ऐकून लिहितो. त्याला पुढच्या बाकावर बसवावे आणि आरोग्य तपासणीचे पथक येईल तेव्हा त्याचे डोळे आधी दाखवावेत. मुख्याध्यापकांनी तेथेच नोंदवही मागवून घेतली व बाईंना पुन्हा एकदा विचारून मुलाचे नाव लिहून घेतले.