विजेची गाडी आणि कोळशाचं कर्ज



पार्किंगमध्ये नेहमी ऐकतो, "वीज कोळशाचीच, मग विजेची गाडी घेऊन धूर कुठे वाचला?" मी बँकेतला माणूस, तेव्हा हिशेबच मांडतो. आकडे ढोबळ आहेत.

पेण-रोहा जाऊन-येऊन 80 किलोमीटर धरा. पेट्रोलच्या गाडीला पाच लिटर लागेल. तेल विहिरीतून काढण्यापासून इंजिनात जळेपर्यंत लिटरमागे 2.8 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे फेरीला 14 किलो. विजेच्या गाडीला 12 युनिट. देशात तीन चतुर्थांशाच्या आसपास वीज कोळशाची. तारांमधली गळती धरून युनिटमागे 0.85 किलो, म्हणजे फेरीला 10. बचत 4 किलो.

पण बॅटरी हे आधीच काढलेलं कर्ज. 30 युनिटची बॅटरी बनवतानाच अंदाजे 2,400 किलो वायू सुटतो. तो फेडायला 600 फेऱ्या, म्हणजे 48,000 किलोमीटर. रोज रोह्याला नोकरीला जाणारा दोन वर्षांत मोकळा. आम्ही निवृत्त मंडळी वर्षाला 4,000 किलोमीटर फिरणार, म्हणजे बारा वर्षं हप्ते! आमच्यासारख्याने धडधाकट गाडी उगाच मोडीत काढू नये.

सगळीच वीज कोळशाची असती, तर फेरीला इकडेही 14 किलोच झाले असते आणि कर्ज कधीच फिटलं नसतं. तारतात ते पाणी, वारा, ऊन. आपल्याजवळचं भिऱ्याचं जलविद्युत केंद्र त्यातलंच. गच्चीवर सोलार बसवलंत, तर गाडी दुपारी चार्जिंगला लावा. रात्री लावलीत तर बव्हंशी कोळसाच भराल.