कुंडीतलं डाळिंब का तडकतं?

निवृत्तीनंतर महूला स्थायिक झालो, तेव्हापासून गच्चीवरच्या मोठ्या कुंडीत भगवा डाळिंब सांभाळतोय. परवा शेजारच्या वहिनींनी विचारलं, "साहेब, आमची डाळिंबं तडकतात. औषध कोणतं मारू?"

जाऊन पाहिलं. अळी असती तर सालीला गोल भोक आणि त्याभोवती विष्ठा दिसली असती. इथे साल फाटली होती, आतले दाणे मात्र स्वच्छ. वहिनी चार-चार दिवस इंदूरला लेकीकडे राहतात आणि परतल्यावर दोन बादल्या ओततात. उत्तर तिथेच होतं. माती कोरडी पडली की साल कडक होते. मग एकदम पाणी मिळालं की दाणे फुगतात, सालीला ताणता येत नाही, ती फाटते. लहान फळं तर त्या कोरड्या दिवसांतच गळतात. (फुलं गळतात ती बहुतेक नर असतात, त्यांची चिंता नको.)

आणखी एक गोष्ट. वाळलेली माती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. पाणी त्या फटीतून खाली निघून जातं, मुळं कोरडीच! म्हणून आधी फट मातीने बुजवा. मग एक-एक तांब्या, दहा मिनिटांच्या अंतराने, तीन-चार वेळा द्या. वर दोन इंच वाळका पाला पसरा. रोज बोट दोन इंच खुपसून बघा, ओल संपत आली की पाणी. गावाला जाताना कुणाला तरी सांगून जा. जोराच्या पावसात कुंडी आडोशाला न्या.

तडकलेलं फळ सांधत नाही. मुंग्या लागण्याआधी तोडून खा.