पुरवठादारास पाठवावयाचा निरोप : तो कसा लिहावा आणि का
(व्याख्यानाचा मजकूर)



1 जुलै 2017 पासून देशात वस्तू व सेवा कर सुरू झाला. या करपद्धतीत व्यापाऱ्याने आपल्या खरेदीवर दिलेला कर त्याला आपल्या विक्रीवरील करातून वजा करता येतो. व्यवहारात या वजावटीला 'इनपुट क्रेडिट' म्हणतात. ही वजावट मिळण्यास खरेदीदाराने कर दिला एवढेच पुरत नाही. विकणाऱ्याने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवावे लागते आणि तो कर शासनाकडे भरावाही लागतो. एकाने पैसे द्यावयाचे आणि त्या पैशाचा लाभ दुसऱ्याने कागद भरण्यावर अवलंबून राहावयाचा, अशी ही रचना आहे. त्यामुळे दर महिन्याला असंख्य लहान कारखान्यांतून पुरवठादारांना "विवरणपत्र भरा" असे निरोप जातात. त्यांपैकी पुष्कळसे निष्फळ ठरतात, कारण निरोप लिहिण्यापूर्वी नेमके काय अडले आहे हे पाहिलेले नसते.

एक उदाहरण

शाळांसाठी लोखंडी बाके आणि कपाटे तयार करणारा एक लहान कारखाना डोळ्यांसमोर आणावा. या कारखान्याने मे 2025 मध्ये एका नव्या व्यापाऱ्याकडून पोलादी पत्रा घेतला. बिले तीन झाली : 7 मे रोजी 1,20,000 रुपयांचे, 16 मे रोजी 85,000 रुपयांचे आणि 28 मे रोजी 95,000 रुपयांचे. मालाची किंमत 3,00,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के दराने कर 54,000 रुपये. कारखान्याला महिनाअखेर आपल्या विक्रीवर जो कर भरावयाचा, त्यातून हे 54,000 रुपये वजा व्हावयास हवे होते.

मासिक विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याने आपल्या विक्रीची बिले जीएसटीआर-1 या नमुन्यात पुढील महिन्याच्या 11 तारखेपर्यंत दाखवावयाची असतात. त्यावरून 14 तारखेला खरेदीदाराच्या खात्यात जीएसटीआर-2बी नावाचा तक्ता आपोआप तयार होतो. 20 तारखेपर्यंत प्रत्येकाने जीएसटीआर-3बी भरून कराचा भरणा करावयाचा असतो. 1 जानेवारी 2022 पासून नियम असा आहे की, जे बिल 2बी मध्ये नाही त्यावरील वजावट घेता येत नाही. 14 जून रोजी कारखान्याच्या हिशेबनिसाने तक्ता उघडला, तेव्हा पत्र्याच्या तीन बिलांपैकी एकही त्यात नव्हते.

त्याने लिहिलेला पहिला निरोप असा होता :

"शेठ, तुम्ही रिटर्न भरलेले नाही. आमचे 54,000 चे क्रेडिट बुडाले. आजच्या आज भरा, नाहीतर सगळे पेमेंट बंद आणि वर तक्रार करू."

या निरोपातील तीन दोष

पहिला दोष असा की, "रिटर्न" म्हणजे कोणते हे त्यात नाही. संगणकावरील शासकीय संकेतस्थळावर कोणत्याही व्यापाऱ्याचा नोंदणी क्रमांक घातला असता, त्याने कोणते विवरणपत्र कोणत्या तारखेस भरले हे कोणालाही पाहता येते. तेथे पाहिल्यावर वेगळीच गोष्ट दिसली. व्यापाऱ्याने एप्रिलचे जीएसटीआर-1 भरले होते. परंतु एप्रिलचे 3बी राहिले होते. आणि आधीच्या महिन्याचे 3बी भरल्याशिवाय पुढील महिन्याचे जीएसटीआर-1 भरताच येत नाही, असा नियम आहे. म्हणजे मेची बिले दाखविण्याची व्यापाऱ्याची इच्छा असली, तरी त्याचे दार एप्रिलपाशीच बंद होते. "मेचे रिटर्न भरा" असे शंभर वेळा लिहूनही काही घडले नसते.

दुसरा दोष म्हणजे "बुडाले" हे विधानच खरे नव्हते. मे महिन्याच्या तक्त्यात 11 जूनपर्यंत दाखविलेली बिलेच येतात. ती तारीख उलटल्यावर व्यापाऱ्याने "आजच्या आज" भरले तरी ती बिले पुढील, म्हणजे 14 जुलैच्या तक्त्यातच यावयाची. तेव्हा 20 जूनच्या भरण्यात ही वजावट मिळणे शक्यच नव्हते. कारखान्याला 54,000 रुपये तात्पुरते आपल्या खिशातून भरावे लागणार होते. ही अडचण खरी आहे, परंतु तो हक्क नष्ट होणे नव्हे. 2025-26 या वर्षाच्या बिलांवरील वजावट 30 नोव्हेंबर 2026 पर्यंत, किंवा त्यापूर्वी वार्षिक विवरणपत्र भरले तर तोपर्यंत, घेता येते. त्यानंतर मात्र ती कायमची जाते. म्हणून 14 जून रोजी मागावयाची मुदत "आजची" नव्हे, तर 11 जुलैची होती. आणि मेची वजावट जूनमध्येच हवी असेल, तर निरोप 11 जूनच्या आधी, पाच-सहा तारखेच्या सुमारास जावयास हवा होता.

तिसरा दोष सर्वांत महत्त्वाचा. 3बी हे कराची संपूर्ण रक्कम भरल्याशिवाय दाखल होत नाही. लहान व्यापाऱ्याचे 3बी अडते ते बहुधा आळसामुळे नव्हे, तर हातात रोख नसल्यामुळे. आणि ती रोख त्याच्या गिऱ्हाइकांकडेच अडकलेली असते. येथे तर कारखान्याकडूनच त्याला 3,54,000 रुपये यावयाचे होते. अशा वेळी "सगळे पेमेंट बंद" म्हणणे म्हणजे ज्या पैशातून विवरणपत्र भरले जाईल तोच पैसा रोखणे होय. शिवाय ते कारखान्यालाही परवडणारे नव्हते. बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पुरवठादाराला करासह पैसे दिले नाहीत, तर घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते. 7 मेच्या बिलासाठी ही मुदत 3 नोव्हेंबर 2025 ला संपत होती.

नव्याने लिहिलेला निरोप

या तीन गोष्टी ध्यानात घेऊन 16 जून रोजी पाठविलेला निरोप असा :

"नमस्कार शेठजी. आपल्याकडील मे महिन्याची तीन बिले — क्र. 41 (7 मे), क्र. 58 (16 मे) आणि क्र. 77 (28 मे). एकूण माल 3,00,000 रुपये, कर 54,000 रुपये — आमच्या 14 जूनच्या 2बी मध्ये आलेली नाहीत. संकेतस्थळावर आपले एप्रिलचे 3बी बाकी दिसते. त्यामुळे मेचे जीएसटीआर-1 घेतले जात नसावे. कृपया आधी एप्रिलचे 3बी, मग मेचे जीएसटीआर-1 आणि त्यानंतर मेचे 3बी अशा क्रमाने भरावे. मेचे जीएसटीआर-1 11 जुलैच्या आत भरले गेल्यास आम्हास पुढील महिन्यात वजावट मिळेल. मालाचे 3,00,000 रुपये आम्ही या आठवड्यात देत आहोत. कराचे 54,000 रुपये खरेदीपत्रात ठरल्याप्रमाणे बिले 2बी मध्ये दिसून मेचे 3बी भरलेले दिसताच देऊ. यात काही अडचण असल्यास किंवा आमचे काही चुकत असल्यास 20 तारखेपर्यंत कळवावे, म्हणजे आपल्या कर सल्लागारांशी बोलून घेऊ."

या निरोपात धमकी नाही, तशी मिनतवारीही नाही. बिलांचे क्रमांक आहेत, म्हणून व्यापाऱ्याच्या सल्लागाराला वही शोधत बसावे लागत नाही. कामांचा क्रम आहे. मागितलेली तारीख नियमातून आलेली आहे, रागातून नव्हे. आणि पैशाच्या दोन वाटण्या केल्या आहेत : मालाची किंमत त्याला तगविते, कराची रक्कम त्याला बांधून ठेवते. मात्र कराची रक्कम राखून ठेवण्याची अट खरेदीपत्रात आधीच लिहिलेली असावी. नसेल, तर ती नंतर एकतर्फी लादू नये. पुरवठादाराची संमती लेखी घ्यावी. आणि राखून ठेवलेली रक्कमही 180 दिवसांच्या हिशेबातून सुटत नाही, हे विसरू नये.

मेच्या 3बीचा आग्रह कशासाठी

बिले 2बी मध्ये दिसली की काम संपले, असा समज आढळतो. तो अपुरा आहे. पुरवठादाराने जीएसटीआर-1 भरून बिल दाखविले, पण 3बी भरून कर दिलाच नाही, अशी स्थिती संभवते. डिसेंबर 2022 मध्ये आलेल्या नियम 37अ प्रमाणे, वर्ष संपल्यानंतरच्या 30 सप्टेंबरपर्यंत पुरवठादाराने ते 3बी भरले नाही, तर खरेदीदाराने घेतलेली वजावट 30 नोव्हेंबरपर्यंत परत करावयाची असते. पुढे पुरवठादाराने ते भरले, तर ती पुन्हा घेता येते. आपल्या उदाहरणात या तारखा 2026 सालच्या होत. यास्तव कराची रक्कम मेचे 3बी दिसेपर्यंत राखणे हे शहाणपणाचे ठरते.

जेथे हा निरोप चालत नाही

हाच मजकूर सर्वांना पाठविणे मात्र चुकीचे होईल. पुरवठादार त्रैमासिक पद्धतीचा असेल, तर त्याचे एप्रिल ते जूनचे जीएसटीआर-1 13 जुलैपर्यंतच भरावयाचे असते. मेचे बिल 14 जूनला दिसले नाही, यात त्याचा काहीही कसूर नाही. अशा व्यापाऱ्याला पहिल्या दोन महिन्यांची बिले पुढील महिन्याच्या 13 तारखेपर्यंत आगाऊ दाखविण्याची सोय आहे, पण ती ऐच्छिक आहे. त्याला "विवरणपत्र राहिले" असे न लिहिता "आमची बिले या सोयीतून दर महिन्यास दाखवावीत" अशी विनंती करावी.

दुसरा प्रकार असा की, जीएसटीआर-1 भरलेले असते, इतर बिले दिसतात, पण एखादेच नसते. तेव्हा खरेदीदाराच्या नोंदणी क्रमांकाच्या पंधरा अंकाक्षरांत कोठेतरी चूक होऊन ते बिल भलत्याच्या नावे गेलेले असण्याचा संभव असतो. येथे निरोपात बिलाची प्रत आणि आपला अचूक क्रमांक जोडावा, आणि पुढील महिन्याच्या जीएसटीआर-1 मधील तक्ता 9अ मध्ये दुरुस्ती करण्यास सांगावे. बिल दाखवावयाचेच राहून गेले असेल, तर ते पुढील जीएसटीआर-1 मध्ये घालता येते.

आणि पुरवठादाराची नोंदणीच रद्द झालेली दिसली, तर प्रश्न निरोपाने सुटणारा राहत नाही. तेथे राखून ठेवलेली कराची रक्कम तशीच ठेवून कर सल्लागाराकडे जावे. म्हणूनच नव्या पुरवठादाराकडून पहिली खरेदी करण्यापूर्वी त्याची नोंदणी, विवरणपत्रे मासिक की त्रैमासिक, आणि मागील काही महिन्यांच्या 3बीच्या तारखा संकेतस्थळावर पाहून ठेवाव्यात. पत्र्याच्या या व्यापाऱ्याचे एप्रिलचे 3बी 20 मेपर्यंत भरले जावयास हवे होते. 28 मेचे बिल घेण्यापूर्वी ही नोंद पाहिली असती, तर निदान त्या बिलावरील 17,100 रुपयांच्या कराविषयी आधीच बोलणे झाले असते.